पत्रात तीस हजार, खात्यात तेवीस हजार: ऑफर लेटरच्या फोटोवरून पगाराचा तक्ता कसा मांडायचा

वर्षाला तीन लाख साठ हजार म्हणजे महिन्याला तीस हजार. हिशेब इतका सरळ दिसतो की मुलगी नोकरीवर रुजू व्हायच्या आधीच घरात त्या तीस हजारांची वाटणी होऊन जाते. खोलीभाड्याला इतके, मेसला इतके, गावाकडे इतके, धाकट्याच्या क्लासला इतके. मग पहिला पगार होतो आणि बँकेचा मेसेज येतो तेवीस हजार शंभरचा. कंपनीने फसवलं, अशी ओरड सुरू होते. बहुतेक वेळा कंपनीने फसवलेलं नसतं. पत्राच्या शेवटच्या पानावर सगळं छापलेलं असतं, पण ते कोणी नीट मांडून पाहिलेलं नसतं.

मी वाळूज एमआयडीसीत हिशेबाच्या कामात आहे. त्यामुळे गंगाखेड, उदगीर, अंबाजोगाईकडच्या नात्यागोत्यांतून ऑफर लेटरचे फोटो माझ्या मोबाइलवर येत असतात, आणि खाली एकच ओळ असते, "मामा, तीस हजार हातात येतेत ना?" या लेखात असंच एक पत्र घेतो. डिप्लोमा झालेली मुलगी, गाड्यांचे सुटे भाग बनवणारी कंपनी, सीटीसी 3,60,000. आकडे मी नमुन्यादाखल घेतले आहेत, पण पत्राची ठेवण अगदी नेहमीची आहे. सीटीसी म्हणजे तुम्हाला कामावर ठेवण्यासाठी कंपनीला वर्षभरात येणारा एकूण खर्च. पगार हा त्या खर्चाचा एक भाग, सगळा खर्च नव्हे.

आधी फोटो

आलेल्या फोटोंत निम्म्या वेळा भलतंच पान असतं. "अभिनंदन, आपली निवड झाली आहे" हे पहिलं पान सगळे हौसेने पाठवतात. पगाराची फोड मात्र बहुतेक कंपन्या शेवटच्या पानावर, परिशिष्ट म्हणून देतात. ते पान मागवा. त्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरात दोन-तीन ओळी असतात, त्याही फोटोत यायला हव्यात. तक्त्यातल्या एखाद्या नावापुढे चांदणी छापलेली असते आणि तिचा अर्थ तळाच्या त्या ओळींत दिलेला असतो. फोटो काढताना नेमका तोच भाग कापला जातो.

कागद घडी मोडून सपाट ठेवावा, खिडकीजवळ उजेडात, आणि मोबाइल बरोबर वरून धरावा. तिरक्या फोटोत ओळी उतरत्या दिसतात आणि डावीकडचं नाव उजवीकडच्या भलत्याच आकड्याशी जुळवलं जातं. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवावा, कारण फोटो म्हणून पाठवला की व्हॉट्सअ‍ॅप तो दाबून लहान करतं आणि बारीक आकडे फुटतात. पत्ता, आधार किंवा पॅन क्रमांक पत्रावर असेल तर त्यावर कागदाची पट्टी ठेवूनच फोटो काढा. पगाराच्या हिशेबाला त्यातलं काहीच लागत नाही.

एवढं सांगूनही फोटो येतो तो कसा, ते खाली देतो. घडी नेमकी मेडिक्लेमच्या ओळीवरून गेली आहे आणि स्पेशल अलाउन्सच्या आकड्यावर बोटाची सावली पडली आहे. वाचता आलं तेवढंच लिहायचं. जिथे शंका आहे तिथे प्रश्नचिन्ह टाकायचं, अंदाजाने आकडा भरायचा नाही.

| पत्रातलं नाव | दरमहा | वर्षाला |
|---|---|---|
| बेसिक | 15,000 | 1,80,000 |
| एचआरए (घरभाडे भत्ता) | 6,000 | 72,000 |
| कन्व्हेयन्स | 1,600 | 19,200 |
| स्पेशल अलाउन्स | 2,?00 | 27,600 |
| ग्रॉस (अ) | 24,900 | 2,98,800 |
| स्टॅच्युटरी बोनस | 1,250 | 14,994 |
| परफॉर्मन्स पे * | 1,000 | 12,000 |
| कंपनीचा पीएफ | 1,950 | 23,400 |
| ग्रॅच्युइटी | 722 | 8,658 |
| मेडिक्लेम | ? | 2,?48 |
| एकूण सीटीसी | 30,000 | 3,60,000 |

फोटोतून मजकूर उचलणारी अ‍ॅप असतात, पण तक्त्याच्या बाबतीत मला त्यांचा भरवसा वाटत नाही. एखादा रकाना रिकामा किंवा पुसट असला की खालचे सगळे आकडे एकेक घर वर सरकतात, आणि बोनसचा आकडा ग्रॉससमोर जाऊन बसतो. दहा-अकरा ओळींचंच काम आहे, हाताने लिहिलेलं बरं.

पुसट आकडा कसा ओळखायचा

पगाराच्या तक्त्यात एकच गोष्ट दोनदा लिहिलेली असते, एकदा महिन्याची आणि एकदा वर्षाची. शिवाय प्रत्येक स्तंभाखाली बेरीज असते. म्हणजे प्रत्येक आकड्याला दोन साक्षीदार आहेत, एक आडवा आणि एक उभा.

स्पेशल अलाउन्स 2,300 की 2,800? सावलीत 3 आणि 8 सारखेच दिसतात. आडवं पाहू. वर्षाचा आकडा 27,600 स्वच्छ दिसतोय, त्याला बाराने भागलं की 2,300 येतात. 2,800 असते तर वर्षाचे 33,600 झाले असते. आता उभं पाहू. ग्रॉस 24,900 मधून 15,000, 6,000 आणि 1,600 वजा केले की उरतात 2,300. दोन्ही साक्षी जुळल्या, आकडा पक्का.

मेडिक्लेमला आडवा साक्षीदारच नाही, कारण महिन्याचा आकडा पूर्ण घडीत गेला आहे. मग उभी बेरीज कामाला येते. ग्रॉस 2,98,800, बोनस 14,994, परफॉर्मन्स पे 12,000, पीएफ 23,400, ग्रॅच्युइटी 8,658, यांची बेरीज 3,57,852. ती 3,60,000 मधून वजा केली की 2,148. फोटोत दिसणाऱ्या "2,?48" शी हे जुळतं. बाराने भागून महिन्याचे 179.

ही युक्ती एका स्तंभात एकच आकडा गायब असेल तरच चालते. दोन ओळी गायब असल्या आणि त्यांचे महिन्याचे आकडेही दिसत नसले, तर वजाबाकीतून त्या दोघांची मिळून रक्कम कळेल, कोणाची किती ते नाही. तिथे डोकं लढवत बसू नका, दुसरा फोटो मागवा.

सगळं भरून झाल्यावरही बेरीज जुळली नाही, तर फरकाच्या आकड्याकडे नीट बघा, चूक कुठे आहे ते तोच सांगतो. 3 च्या जागी 8 वाचला असेल तर फरक पाचाच्या घरात येतो, 5, 50, 500 किंवा 5,000. 1 आणि 7 ची, किंवा 0 आणि 6 ची गल्लत झाली असेल तर फरक सहाच्या घरात. आणि फरकाला नऊने पूर्ण भाग जात असेल तर लिहिताना दोन अंकांची अदलाबदल झालेली असण्याची शक्यता मोठी, जसं 8,658 च्या जागी 8,568. मोंढ्यातले जुने मुनीम खतावणीतली चूक अशीच पकडायचे, ही रीत त्यांचीच.

आता एक गंमत बघा. आपण पक्का केलेला महिन्याचा स्तंभ बेरजेला घेतला तर 30,001 येतात, पत्रात छापलेत 30,000. आपण चुकलो का? नाही. ग्रॅच्युइटी खरी 721.50 आहे आणि बोनस 1,249.50. छापताना दोन्ही वरच्या रुपयाला गोल केले, पण बेरीज मूळ पैशांसह झाली. म्हणून 722 ला बाराने गुणलं तर 8,664 येतात आणि पत्रात असतात 8,658. अशा गोल करण्यातून एका ओळीत जास्तीत जास्त सहा रुपयांचा फरक पडू शकतो, कारण अर्धा रुपया गुणिले बारा म्हणजे सहा. सहापर्यंतचा फरक सोडून द्या, त्यापुढचा फरक शोधून काढा.

मोबाइलमध्ये शीट उघडून हे करणार असाल तर A मध्ये नाव, B मध्ये महिना, C मध्ये वर्ष लिहा, आणि D मध्ये तपासणीचं सूत्र टाकून खाली ओढत न्या:

```
=C2-B2*12
```

D मध्ये शून्य, किंवा -6 ते 6 यांच्या मधला आकडा यायला हवा. आपल्या पत्रात बोनस आणि ग्रॅच्युइटीसमोर -6 येईल, बाकी सगळीकडे 0. शेवटच्या एकूणच्या ओळीतही 0 येतो, कारण तिथे छापलेलेच आकडे आहेत.

दोन गोष्टी सांभाळा. आकडे स्वल्पविराम न देता, म्हणजे 180000 असे टाका. स्वल्पविरामासह टाकलेला आकडा कधी कधी मजकूर म्हणून बसतो आणि SUM त्याला मोजतच नाही. मजकूर झालेला आकडा घरात डावीकडे चिकटलेला दिसतो, खरा आकडा उजवीकडे. दुसरं म्हणजे ग्रॉसची ओळ ही वरच्या चार ओळींची बेरीज आहे. तिला पुन्हा बेरजेत धरलं की सीटीसी 6,58,800 दिसायला लागते. एकाच्या घरी पेढेही वाटून झाले होते म्हणे.

यातलं महिन्याला काय आणि वर्षाला काय

इथवर आपण पत्रात छापलेलंच स्वच्छ उतरवून घेतलं. खरी मेख पुढे आहे. पत्रातला महिन्याचा स्तंभ भरताना कंपनीने सगळ्याच आकड्यांना बाराने भागलेलं असतं, मग ते पैसे दरमहा मिळणारे असोत वा नसोत. म्हणून प्रत्येक ओळीला दोन प्रश्न विचारायचे. हे पैसे माझ्या बँक खात्यात येतात का? येत असतील तर कधी? उत्तरं भरली की तक्ता असा होतो:

| घटक | पत्रात दरमहा | पत्रात वर्षाला | खात्यात दरमहा | खात्यात वर्षभरात |
|---|---|---|---|---|
| बेसिक | 15,000 | 1,80,000 | 15,000 | 1,80,000 |
| एचआरए | 6,000 | 72,000 | 6,000 | 72,000 |
| कन्व्हेयन्स | 1,600 | 19,200 | 1,600 | 19,200 |
| स्पेशल अलाउन्स | 2,300 | 27,600 | 2,300 | 27,600 |
| स्टॅच्युटरी बोनस | 1,250 | 14,994 | नाही | 14,994 |
| परफॉर्मन्स पे | 1,000 | 12,000 | नाही | 0 ते 12,000 |
| कंपनीचा पीएफ | 1,950 | 23,400 | नाही | नाही |
| ग्रॅच्युइटी | 722 | 8,658 | नाही | नाही |
| मेडिक्लेम | 179 | 2,148 | नाही | नाही |
| स्वतःचा पीएफ (कपात) | पत्रात नाही | पत्रात नाही | -1,800 | -21,600 |
| एकूण | 30,000 | 3,60,000 | 23,100 | 2,92,194 ते 3,04,194 |

वरच्या चार ओळी सरळ आहेत, त्या दरमहा मिळतात. एचआरए बेसिकच्या चाळीस टक्के धरलाय, तशी पद्धत आहे. यावर आणखी शब्द खर्च करण्यासारखं काही नाही.

बोनस मात्र समजून घ्या. हा कायद्याने द्यावा लागणारा बोनस आहे, किमान दर 8.33 टक्के. बेसिक आणि महागाई भत्ता मिळून महिन्याला 21,000 पर्यंत असणाऱ्यांना तो लागू होतो, आणि वर्षात किमान 30 दिवस काम केलेलं असावं लागतं. आपल्या पत्रात कंपनीने तो पूर्ण बेसिकवर, म्हणजे वर्षाच्या 1,80,000 वर 8.33 टक्के धरून 14,994 मांडला आहे. काही कंपन्या तो दरमहा पगारात मिसळून देतात, पण आमच्याकडे बहुतेक ठिकाणी तो दिवाळीच्या तोंडावर एकरकमी मिळतो. सोयाबीनचे पैसे आणि दुधाचे पैसे यांत जो फरक, तोच बोनस आणि ग्रॉस यांत. सोयाबीनचे पैसे खोटे नसतात, पण त्यांच्या भरवशावर जून महिन्याचा किराणा भरता येत नाही.

यात आणखी एक बारकावा आहे. बोनस मागच्या आर्थिक वर्षात केलेल्या कामावर मिळतो. ऑगस्टमध्ये रुजू झालेल्या मुलीला दोन-तीन महिन्यांनी आलेल्या दिवाळीला काही मिळालं नाही तर घाबरायचं कारण नाही. तिचा बोनस मार्चपर्यंतच्या कामाचा हिशेब होऊन पुढच्या दिवाळीला येईल, आणि तोही तेवढ्या महिन्यांचाच. म्हणजे पहिल्या बारा महिन्यांच्या कामाचे 14,994 दोन दिवाळ्यांत वाटले जातात.

परफॉर्मन्स पेच्या पुढे ती चांदणी होती, आठवतंय? तळाच्या ओळीत बहुतेक वेळा असं छापलेलं असतं की ही रक्कम वार्षिक मूल्यमापनानंतर, कंपनीच्या धोरणानुसार आणि वाटपाच्या तारखेला नोकरीत असणाऱ्यांनाच दिली जाईल. या एका वाक्यात तीन अटी आहेत. तुमचं काम कसं ठरलं, कंपनीचं वर्ष कसं गेलं, आणि त्या दिवशी तुम्ही कंपनीत आहात की राजीनामा देऊन पुण्याला, चाकणला गेला आहात. म्हणून तक्त्यात मी इथे 12,000 न लिहिता "0 ते 12,000" लिहितो. या आकड्यावर कर्जाचा हप्ता बांधणं मला धोक्याचं वाटतं.

पीएफचे 1,950 कुठे जातात

सगळ्यात जास्त गैरसमज या ओळीत आहेत. कंपनीचा पीएफ 12 टक्के असतो. पीएफसाठी पगाराची मर्यादा 15,000 आहे आणि आपलं बेसिक बरोबर तेवढंच आहे, म्हणून 12 टक्के म्हणजे 1,800. मग पत्रात 1,950 का? कारण कंपनीने त्यात पीएफ सांभाळणाऱ्या ईपीएफओला भरायचा अर्धा टक्का प्रशासकीय खर्च आणि अर्धा टक्का विमा, म्हणजे 75 अधिक 75, असे दीडशे रुपयेही धरले आहेत. हा कंपनीचा खर्च, पण सीटीसीत तुमच्या नावावर मांडलेला. पत्रात पीएफचा आकडा 12 ऐवजी 13 टक्क्यांना जुळत असला तर गोम हीच असते.

उरलेल्या 1,800 चेही दोन भाग पडतात. 1,250 पेन्शन योजनेत जातात आणि 550 तुमच्या पीएफ खात्यात. म्हणून पासबुक उघडल्यावर "कंपनीने साडेपाचशेच भरले" असं वाटून अनेकजण एचआरशी भांडायला जातात. पासबुकात पेन्शनचा रकाना वेगळा असतो, तिथे 1,250 दिसतात.

याशिवाय तुमच्या पगारातून तुमचा स्वतःचा 12 टक्के पीएफ कापला जातो, तोही 1,800. हा आकडा सीटीसीच्या तक्त्यात बहुधा नसतोच, कारण तो कंपनीचा वेगळा खर्च नाही, तुमच्याच ग्रॉसमधून जातो. पत्रात न दिसणारी आणि पगारपत्रकात पहिल्याच महिन्याला दिसणारी ओळ म्हणजे ही. हा पैसा तुमच्याच नावाने साठतो, पण भाडं भरायला उपयोगी पडत नाही. महिन्याला तुमच्या पीएफ खात्यात एकूण 1,800 अधिक 550, म्हणजे 2,350 जमा होतात.

ग्रॅच्युइटीची ओळ मला नेहमी जराशी ओढूनताणून आणलेली वाटते. बेसिकच्या 4.81 टक्के दरवर्षी तुमच्या सीटीसीत मोजतात, पण नेहमीच्या कायम नोकरीत ती मिळते सलग पाच वर्षं काम केल्यावर, नोकरी सोडताना. ठराविक मुदतीच्या करारावर असणाऱ्यांना 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या कामगार संहितांनी एका वर्षाच्या नोकरीनंतर हक्क दिला आहे, म्हणून पत्रात "ठराविक मुदत" असं लिहिलंय का ते पाहून ठेवा. 4.81 हा आकडा येतो कुठून? पंधरा दिवसांचा पगार, महिन्याचे कामाचे दिवस 26 धरून, आणि तो बारा महिन्यांवर पसरवून. 15 भागिले 26, भागिले 12, की साधारण 4.81 टक्के.

मेडिक्लेमचे 2,148 कंपनी विमा कंपनीला भरते. तुमच्या हातात पैसे येत नाहीत, कार्ड येतं. त्या कार्डावर आई-वडिलांची नावं आहेत का, हे मात्र रुजू होतानाच विचारा.

कपातीत मुलगा-मुलगी हा फरक

महाराष्ट्रात व्यवसाय कर, म्हणजे पगारपत्रकातला "पीटी", महिना 10,000 च्या वर पगार असलेल्या पुरुषाला 200 रुपये आणि फेब्रुवारीत 300, असा वर्षाचा 2,500 बसतो. स्त्रियांना एप्रिल 2023 पासून महिना 25,000 पर्यंतच्या पगारावर हा कर माफ आहे. आपल्या पत्रातला ग्रॉस 24,900. म्हणजे त्याच पत्रावर मुलगी रुजू झाली तर तिच्या हातात 23,100, आणि मुलगा रुजू झाला तर 22,900, फेब्रुवारीत 22,800. मुलीच्या पगारपत्रकात पहिल्या महिन्यापासून 200 कापलेले दिसले तर पगाराच्या सॉफ्टवेअरमध्ये नोंद चुकली असण्याची शक्यता आहे, एक मेल टाकून विचारून घ्यावं. उलट पुढच्या वर्षी शंभर रुपयांहून जरा जास्त पगारवाढ झाली आणि ग्रॉस 25,000 च्या वर गेला, की दोनशे रुपये कापायला सुरुवात होईल. पगार वाढला आणि हातातली रक्कम कमी झाली, असंही दिसू शकेल.

ईएसआय, म्हणजे कामगारांची सरकारी आरोग्य विमा योजना, या पत्रात धरलेली नाही; तिची मर्यादा महिना 21,000 ची आहे आणि इथला ग्रॉस त्याच्या वर आहे. तुमच्या पत्रातला ग्रॉस 21,000 च्या आत असेल तर पगारातून 0.75 टक्के कापले जातील आणि कंपनीचे 3.25 टक्के सीटीसीत दिसतील. तिथे बहुधा मेडिक्लेमची ओळ नसते. एवढ्या पगारावर आयकर बसत नाही.

आता 3,60,000 आणि 3,04,194 यांतले 55,806 कुठे गेले ते जुळवून बघा. स्वतःचा पीएफ 21,600, कंपनीचा पीएफ 23,400, ग्रॅच्युइटी 8,658, मेडिक्लेम 2,148. बेरीज 55,806. रुपयाचाही फरक राहिला नाही, म्हणजे तक्ता बरोबर मांडला गेला. परफॉर्मन्स पे शून्य धरला तर वर्षाचे 2,92,194, आणि त्यातले दिवाळीला येणारे 14,994 काढले की बारा महिन्यांचे 2,77,200.

एचआरला काय विचारायचं

तक्ता मांडून झाला की ज्या ओळींसमोर "नाही" किंवा "0 ते" असं आलंय, तेवढ्यांबद्दलच प्रश्न उरतात. ते फोनवर विचारू नयेत, मेलवर विचारावेत, म्हणजे उत्तर लेखी राहतं. या पत्रासाठी मी मुलीला असा मजकूर दिला असता:

"महोदय, परिशिष्टातील पगाराच्या फोडीबाबत चार गोष्टी कळवाव्यात ही विनंती. स्टॅच्युटरी बोनस दरमहा दिला जातो की वर्षातून एकदा, आणि कोणत्या महिन्यात? परफॉर्मन्स पेचं वाटप कोणत्या महिन्यात होतं आणि मध्येच रुजू झालेल्यांना त्या प्रमाणात मिळतो का? पीएफच्या 1,950 मध्ये प्रशासकीय खर्च आणि विमा धरला आहे का? कॅन्टीन आणि बससाठी पगारातून दरमहा किती कपात होते?"

चौथा प्रश्न पत्रात कुठेच नसलेल्या गोष्टीचा आहे, आणि तोच बरेचदा विचारायचा राहून जातो. कॅन्टीन आणि बसची रक्कम सवलतीची असली तरी ती कापली जाते पगारातूनच, आणि त्यासाठी सीटीसीच्या तक्त्यात ओळ नसते. उत्तर आलं की तक्त्यात "स्वतःचा पीएफ" च्या खाली आणखी एक कपातीची ओळ वाढवायची, 23,100 मधून तेवढे कमी करायचे, आणि मगच बजाजनगरला खोली बघायला जायचं.